आटे पाडताना किती आत जायचं: वीस एमएमच्या स्टडचा माझा हिशोब

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत एका शेडमध्ये मी लेथवर आहे. आटे पाडायला शिकलो ते बघून बघून. टूल क्रॉस स्लाइडने सरळ आत घालायचं, दर पासला ०.२ मिमीचा कट द्यायचा, नट बसेपर्यंत चालू ठेवायचं. बारीक पिचला, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर कमी असताना, हे चालून गेलं. मग एम २०, पिच २.५ चे माइल्ड स्टीलचे बारा स्टड आले आणि सातव्या पासला पहिल्याच जॉबचे आटे फाटले. बाजू खरवडल्यासारख्या झाल्या आणि टूलचं टोकही उडालं.

शेजारच्या लेथवरच्या मामांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "दोन्ही बाजूंनी कापतोस की रे. चिप जाणार कुठं?"

रात्री कागदावर खाच काढली तेव्हा दुसरी चूकही कळली. खाच त्रिकोणी असते. खोली दुप्पट झाली की निघालेला माल चौपट होतो. म्हणजे दर वेळी सारखाच ०.२ चा कट दिला तरी निघणारा माल १, ३, ५, ७ असा विषम आकड्यांनी वाढत जातो. सातव्या पासला मी पहिल्या पासच्या तेरापट माल ओढत होतो, तोही दोन्ही कडांनी एकदम. टूलने तरी काय करायचं!

तेव्हा ठरवलं की क्रॉस स्लाइडवर बसलेली, हव्या त्या कोनात फिरणारी कंपाउंड स्लाइड तिरकी लावायची आणि आकडे आधी काढायचे. मेट्रिक आट्याची बाहेरच्या बाजूची खोली पिचच्या ०.६१३४ पट. २.५ ला १.५३४ मिमी. पण कंपाउंड तिरकी सरकते, त्यामुळे तेवढं सरळ आत जायला तिला जास्त चालावं लागतं. क्रॉस स्लाइडच्या रेषेपासून २९.५ अंश फिरवली असेल तर खोलीला त्या कोनाच्या कोसाइनने, म्हणजे ०.८७० ने, भागायचं. उत्तर १.७६२. इथे गुणाकार केला तर १.३३५ येतं आणि आटे उथळ राहतात. मला लक्षात ठेवायला सोपं म्हणजे उत्तर खोलीपेक्षा मोठंच यायला हवं, कारण तिरकी वाट लांबची.

तीस का नाही, साडेएकोणतीसच का? आट्याची एक बाजू तीस अंशांची. बरोबर तीसवर सरकवलं तर टूलची मागची कड त्या बाजूला नुसती घासते, आणि कोन चुकून तीसच्या वर गेला तर तिथे पायऱ्या राहतात. अर्धा अंश कमी ठेवला की पूर्ण खोलीला ती कड जेमतेम ०.०१८ मिमी खरडते. बाजू साफ होते, भार मात्र पुढच्या कडेवरच राहतो.

आता पास. दर पासला सारखा माल निघायला हवा असेल तर एकूण खोली पासांच्या वर्गमुळाने वाढायला हवी. मी सोळा पास धरले. चौथ्या पासच्या शेवटी चार भागिले सोळा, त्याचं वर्गमूळ अर्धं. म्हणजे चार पासांत निम्मी खोली, आणि उरलेल्या निम्म्यासाठी बारा पास! माझ्या कंपाउंडच्या डायलचा एक भाग ०.०५ मिमीचा. त्यामुळे डायलवरचे थांबे आले ९, १२.५, १५, १७.५, १९.५, २१.५ असे, आणि शेवटी ३३, ३४, ३५. पहिला नऊ भागांचा कट नव्या टोकाला जड वाटला, म्हणून तो चार आणि पाच असा फोडला. हे आकडे खडूने हेडस्टॉकवर लिहिले.

दुसरा स्टड लावला आणि तोही घालवला.

पाचव्या पासला खाच रुंद होत होती, पण खोल होत नव्हती. एक बाजू उभी, दुसरी लोळलेली. आकडे तीनदा तपासले, काही सापडेना. शेवटी डायल गेज बेडवर उभं केलं, टूलपोस्टला क्रॉस स्लाइडच्या दिशेने टेकवलं आणि कंपाउंड बरोबर एक मिमी सरकवली. गेजवर ०.८७ दिसायला हवं होतं, दिसलं ०.४९.

म्हणजे कोनच चुकीच्या रेषेपासून मोजला होता. या लेथवर कंपाउंडचं शून्य ती बेडला समांतर असताना येतं. मी तिथून २९.५ मोजले, म्हणजे क्रॉस स्लाइडपासून ६०.५ झाले. टूल आत कमी आणि चकाकडे जास्त सरकत होतं. पट्टीवर ६०.५ लावलं, गेजवर ०.८७ आलं. काही लेथवर शून्य उलट, क्रॉस स्लाइडच्या रेषेतच असतं. म्हणून दुसऱ्या मशीनवर गेलो की पट्टीवर विश्वास न ठेवता आधी गेज लावतो. दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरा स्टड. माल १९.८५ ला वळवला, टूल टेकवून दोन्ही डायल शून्य केले. पास झाला की क्रॉस स्लाइड मागे घ्यायची, टूल परत आणायचं, क्रॉस स्लाइड पुन्हा शून्यावर आणि नवा कट फक्त कंपाउंडने. चिप एका बाजूने छान वळून निघत होती. पस्तीस भाग झाले, दोन मोकळे पास दिले, नट लावला. बसेना. तोंडसुद्धा धरेना.

मामा आले, टूल काढून नखावर टेकवलं. "सुई केलीयस याची."

तिथे गाठ सुटली. ०.६१३४ हा आकडा गोल टोकाच्या टूलसाठी आहे, आणि त्या टोकाची त्रिज्या पिचच्या ०.१४४ पट धरलेली असते, २.५ ला ०.३६ मिमी. साठ अंशांच्या टोकाला जितकी त्रिज्या द्याल, तितकंच टोक धारदार त्रिकोणापेक्षा आखूड होतं. माझं टोक जवळपास टोकदार, त्यामुळे तेवढ्याच खोलीला खाच अरुंद राहिली. नट अडतो तो बाजूंवर. मी एकेक भाग पुढे घेत गेलो, पाचव्या भागाला नट हाताने फिरला. पाच भाग म्हणजे ०.२५, सरळ आत ०.२२. म्हणजे माझ्या टोकाची त्रिज्या ०.१४ च्या आसपास असणार. हिशोब जुळला, पण खाचेचा तळ टोकदार झाला होता. ओढ घेणाऱ्या स्टडला भेग तिथूनच जाते, म्हणून तो बाजूला ठेवला.

चौथ्यासाठी टोक ऑइलस्टोनवर गोल केलं, पस्तीस भागांवर थांबलो. नट शेवटपर्यंत गेला, डगडग नाही. बाकीचेही त्याच आकड्यांवर निघाले. नासलेल्या तीन स्टडांचा माल मालकांनी माझ्या नावावर लिहिला, त्यात काही गैर नव्हतं.

ते टूल आता २.५ पिचचं म्हणून वेगळं ठेवलंय. १.५ ला हे टोक चालत नाही. तिथे त्रिज्या ०.२२ लागते, आणि जाड टोकाने नट बसेल एवढं आत गेलो की तळाची खाच रुंद राहते. त्याला दुसरं टूल घासून ठेवलंय.