रात्री दार कोण उघडतं?

“ताई, पहिल्यांदाच एकटी हॉस्टेलला राहणार आहे. जायच्या आधी त्यांना डॉर्म, लॉकर आणि रात्रीच्या वेळेबद्दल नेमका काय मेसेज करू? फार प्रश्न विचारले तर बरं दिसतं का?”

अगदी बरं दिसतं. नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला एका छोट्या हॉस्टेलचं रिसेप्शन मी सहा वर्षं सांभाळतेय. असे मेसेज रोज येतात आणि त्यांना उत्तरंही मीच लिहिते. प्रश्न फार झाले म्हणून कुणाचा राग आलाय असं एकदाही झालेलं नाही. उलट बहुतेक मुली एवढंच विचारतात, “डॉर्म सेफ आहे ना?” त्याला कुठलंही हॉस्टेल “हो मॅडम, एकदम सेफ” असंच लिहिणार. नाही कोण म्हणेल? या उत्तरातून तुमच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून हो-नाही म्हणून भागणार नाही असं विचारायचं: कोण, किती वाजता, कुठल्या बाजूनं.

मागच्या डिसेंबरात एका मुलीचा मेसेज आला होता. तेव्हापासून मी तो सगळ्यांना नमुना म्हणून सांगते:

“नमस्कार. शुक्रवारी लेडीज डॉर्ममध्ये एक बेड, दोन रात्री बुक केलाय. मुंबईहून पंचवटी एक्सप्रेसनं येतेय, तुमच्याकडे पोचायला साडेदहा-अकरा होतील. तेव्हा चेक-इन होईल का? दार कोण उघडेल आणि त्यांचा नंबर काय? शनिवारी पहाटे पाचला त्र्यंबकला निघायचंय, तेव्हा गेट उघडं मिळेल का? डॉर्मचं दार किल्लीनं उघडतं, कार्डानं की कोडनं? बाथरूम आत आहे की पॅसेजमध्ये? लेडीज डॉर्ममध्ये मी एकटीच असले तर मिक्स्डमध्ये हलवणार नाही ना? लॉकरमध्ये पन्नास लिटरची सॅक मावते का? कुलूप मी आणू का? जमलं तर दाराचा आतल्या बाजूनं आणि लॉकरचा एकेक फोटो पाठवा.”

दोन मिनिटांत वाचून होतो. यातल्या एकाही प्रश्नाची ‘एकदम सेफ’ म्हणून बोळवण करता येत नाही.

वेळेपासून सुरुवात करते, कारण घोळ सगळ्यात जास्त तिथेच होतो. “कर्फ्यू आहे का?” असं विचारलंत तर मी प्रामाणिकपणे “नाही” लिहीन आणि तरीही तुम्ही रात्री गेटबाहेर उभ्या राहाल. हॉस्टेलात वेळा तीन असतात. एक, नवीन पाहुण्यांचं चेक-इन किती वाजेपर्यंत होतं ती. दुसरी, बाहेरचं गेट बंद होतं ती. तिसरी, कॉमन रूममधला आवाज आणि दिवे बंद करायची. आमच्याकडे चेक-इन दहापर्यंत, गेट अकराला बंद, आणि आवाजही अकरालाच बंद. चेक-इन झालेला पाहुणा रात्री एकला आला तरी गेटवरचे काका गेट उघडतात, म्हणून ‘कर्फ्यू नाही’. पण पहिल्यांदाच येणाऱ्याचं ओळखपत्र बघून नोंद करायला रिसेप्शनला कुणीतरी लागतं, आणि दहानंतर मी घरी गेलेली असते. आधी कळवलं असेल तर मी काकांकडे रजिस्टर काढून ठेवते, बेडचा नंबर लिहून देते. नसेल कळवलं, तर काका आधी मला फोन करणार, मी उचलेपर्यंत ती मुलगी गेटवर उभी.

त्यात नाशिकचा स्वतःचा एक प्रश्न आहे. बाहेरून येणाऱ्यांना वाटतं, स्टेशनला उतरलं की नाशिक आलं. नाशिकरोड स्टेशन जुन्या शहरापासून नऊ-दहा किलोमीटर लांब. गंगापूर रोडला यायचं तर द्वारका, मुंबई नाका असं करत शहर ओलांडून दुसऱ्या टोकाला यावं लागतं. पंचवटी वेळेवर आली तरी साडेनऊ होऊन जातात, त्यात रिक्षा मिळवायची, ट्रॅफिक लागलं तर अजून अर्धा तास. म्हणून ‘गाडी किती वाजता’ यावर हिशेब करू नका, ‘दारात किती वाजता’ यावर करा आणि तीच वेळ मेसेजमध्ये लिहा. मध्यरात्रीनंतर पोचणारी गाडी असेल तर मी सरळ सांगते, ती रात्र नाशिकरोडलाच एखाद्या हॉटेलात काढा आणि सकाळी या. आमचा एका रात्रीचा धंदा जातो, जाऊ दे.

पहाटेचं तर कुणीच विचारत नाही. सगळ्यांना रात्री आत यायची काळजी. पण नाशिकला येणारे बरेच लोक पहाटेच निघतात, कुणी त्र्यंबकच्या दर्शनाला, कुणी अंजनेरी चढायला. गेट रात्री कुलूपबंद होतं तेव्हा आतल्या माणसालाही किल्लीशिवाय बाहेर पडता येत नाही. त्या वेळी किल्ली कुणाकडे असते आणि तो माणूस कुठे झोपतो, हे विचाराच. कुलूपबंद गेटच्या आत झोपताना, आग लागली तर बाहेर कसं पडायचं, हेही त्या उत्तरातून कळतं. आमच्याकडे काका गेटजवळच्या खोलीत झोपतात आणि किल्ली आतल्या बाजूच्या खिळ्यावर असते. पाहुण्यांना ती पहिल्याच दिवशी दाखवतो.

डॉर्मच्या दाराबद्दल एक गोष्ट समजून घ्या. “आतून कडी आहे का?” हा प्रश्न घरच्या सवयीनं येतो. डॉर्मला आतून कडी लावून झोपता येत नाही, कारण सहातल्या दोघी अजून बाहेरून यायच्या असतात. खरं संरक्षण बाहेरच्या बाजूला हवं, म्हणजे त्या खोलीत राहणाऱ्यांशिवाय कुणाला दार उघडता येऊ नये. ते कार्डानं होतं, किल्लीनं होतं, कोडनंही होतं. कोड असेल तर तो किती दिवसांनी बदलतात ते विचारा. सहा महिने एकच कोड असेल तर तितक्या दिवसांत राहून गेलेल्या प्रत्येकीला आणि तिच्याबरोबरच्यांना तो माहीत आहे. आणि दुसरी किल्ली कुणाकडे असते, साफसफाईला कोण आत येतं, किती वाजता, हेही. आमच्याकडे लेडीज डॉर्म मावशी साफ करतात, सकाळी अकरानंतर. एकदा मावशी सुट्टीवर असताना पुरुष कर्मचारी गेला होता, आत एक मुलगी झोपलेली होती. त्याने दार वाजवलं होतं, तिनं कानात इअरफोन घातलेले होते. काही वाईट झालं नाही, पण ती घाबरली होती आणि तिचं बरोबरच होतं. त्यानंतर मी नियम केला, मावशी नसतील तर त्या दिवशी आतला कचरा मी काढते.

बाथरूम आत की बाहेर, हा प्रश्न साधा वाटतो. पण रात्री तीनला मिक्स्ड डॉर्मसमोरच्या पॅसेजमधून जायचं आहे की नाही, हे त्यावरच ठरतं. आणि एकटीच असले तर हलवणार का, हे लेखी घ्याच. गर्दी नसते तेव्हा काही ठिकाणी एका पाहुणीसाठी खोली उघडायला नको म्हणून तिला मिक्स्डमध्ये बेड देतात. द्राक्षांच्या दिवसांत, शनिवार-रविवारी, उलटं होतं. वायनरी बघायला येणाऱ्यांची गर्दी असते, बुकिंग जास्त होतं आणि मग आयत्या वेळी बेड हलवले जातात.

लॉकरचं मला स्वतःला भोवलंय. कोकणात एका हॉस्टेलला गेले होते. ‘लॉकर आहे’ असं लिहिलेलं, तो होताही, पलंगाखाली लाकडी पेटी आणि लोखंडी कडी-कोयंडा. माझं कुलूप घरच्या दाराचं, जाड दांडीचं. ते कोयंड्याच्या भोकात जाईचना. गाव छोटं, रात्री नऊला दुकानं बंद. दोन्ही रात्री पैशांचं पाकीट उशीखाली आणि बॅगेचा बंद मनगटाला गुंडाळून झोपले, म्हणजे झोपलेच नाही. तेव्हापासून बारीक, लांब दांडीचं नंबरचं कुलूप बॅगेत असतंच. लॉकरचा फोटो मागायचा तो यासाठी. त्यात तीन गोष्टी बघा: कोयंड्याचं भोक केवढं आहे, पेटीची उंची तुमच्या सॅकला पुरेल का, आणि बिजागरीचे स्क्रू बाहेरून दिसतात का. स्क्रू बाहेर असले तर कुलूप कितीही चांगलं असो, स्क्रू ड्रायव्हरनं झाकणच निघतं. अशा पेटीत कपडे ठेवा, पैसे आणि कागदपत्रं अंगावर.

ओळखपत्राचंही त्याच मेसेजमध्ये विचारून घ्या. बरीच हॉस्टेलं त्याच शहराचा पत्ता असलेल्यांना बेड देत नाहीत. नाशिकच्याच मुलीनं नाशिकात बुक केलं तर दारातून परत जावं लागू शकतं. आधारची प्रत द्यायची असेल तर ‘मास्क्ड आधार’ चालेल का विचारा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

मेसेज पाठवायचा तो बुकिंग केलेल्या ॲपमधूनच. तिथलं उत्तर बुकिंगला जोडलेलं राहतं, उद्या काही फिरलं तर दाखवता येतं. आणि येण्याच्या आदल्या रात्री साडेदहा-अकराला त्यांनी दिलेल्या रात्रीच्या नंबरवर फोन करा. कोण उचलतं, तुमचं नाव सांगितल्यावर त्याला बुकिंग माहीत आहे का, मागे कसला आवाज आहे. दिवसा सगळेच गोड बोलतात. रात्री फोन कुणी उचललाच नाही, तर ते माझ्या दृष्टीनं उत्तरच झालं. रद्द करायची मुदत त्या वेळी संपलेली नसेल असं बुकिंग घ्या, म्हणजे पैसे अडकणार नाहीत.

ती डिसेंबरातली मुलगी तशीच वागली. गुरुवारी रात्री पावणेअकराला तिनं काकांना फोन केला. काकांनी मला सकाळी सांगितलं, “आजच्या पाहुणीनं फोन केला होता, मी म्हटलं या, जागा आहे मी.” शुक्रवारी गाडी चाळीस मिनिटं उशिरा. तिनं द्वारकेवरून पुन्हा फोन केला आणि रिक्षा गल्लीत वळली तेव्हा काका गेटबाहेर टॉर्च घेऊन उभे होते. काका सांगत होते, डॉर्ममध्ये गेल्यावर तिनं सॅक खाली ठेवायच्या आधी खिशातून कुलूप काढलं, कोयंड्यात घालून फिरवून पाहिलं, मग म्हणाली, “बसतंय. पहाटेची किल्ली कुठे असते ते दाखवा ना.”