मावशीच्या वहीतली टोपी

आज मावशीच्या वहीतली बाळाची विणायची टोपी ओळींत मांडली. वहीत टोपीच्या डोक्याबद्दल एवढंच आहे: '८२ टाके. एक सुई आड आठ ठिकाणी सारखे घटवत जावे.'

शिवणीत दोन्ही कडांचा एकेक टाका जातो. उरलेल्या ८० चे आठ भाग केले की प्रत्येकात १० टाके येतात. मग खुणा ठरवल्या: सु म्हणजे सुलट, उ म्हणजे उलट, २ए म्हणजे दोन टाके एकत्र सुलट.

ओळ १: १ सु, (८ सु, २ए) ८ वेळा, १ सु. (७४)
ओळ २: सगळे उ. (७४)
ओळ ३: १ सु, (७ सु, २ए) ८ वेळा, १ सु. (६६)

पुढे विषम ओळींत कंसातला सु एकेकाने कमी होतो. सतराव्या ओळीअखेर १० टाके उरतात, त्यांतून लोकर ओवून घट्ट ओढायची.

ओळीच्या शेवटी कंसात लिहिलेला टाक्यांचा आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तिसऱ्या ओळीअखेर सुईवर ६७ दिसले, तर एक २ए राहिलाय. तेव्हा एकच ओळ उसवावी लागते. नाहीतर चूक शेंड्याशी पोहोचल्यावर कळते, आणि घटीच्या आठ रेघांपैकी एक तिरकी पडलेली असते.