फेट्यावरचे पट्टे

मे महिन्यातलं लग्न, औशाजवळचं मंगल कार्यालय. सकाळी परण्या निघाला, नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला. माझ्या कॅमेऱ्याच्या डायलवर C1 म्हणजे ऊन: शटर 1/1000, अपर्चर 5.6, आयएसओ ऑटो. C2 म्हणजे हॉल: शटर 1/100, अपर्चर 2.8. दारातून आत शिरताना डायल एक घर फिरवला की काम झालं, म्हणून परण्याचे फोटो काढून मी निर्धास्तपणे हॉलमध्ये गेलो.

पहिली मंगलाष्टका सुरू झाली आणि दुसऱ्या कॅमेऱ्यावरचा माझा पुतण्या माझ्या पडद्यात डोकावून म्हणाला, "काका, फेट्यावर पट्टे येतायत." फोटो मोठा करून पाहिला. पांढऱ्या फेट्यावर एक फिकट, एक पिवळट-काळपट असे आडवे पट्टे होते. पुढच्या फोटोत तेच पट्टे वेगळ्या जागी. पट्टे असे जागा बदलत असतील तर दोष लेन्सचा नसतो, तो दिव्यांचा असतो. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात. 1/100 ला एक पूर्ण फेरी शटरमध्ये मावते. त्याहून वेगवान शटर फेरीचा तुकडाच टिपतं.

C2 वर शटर 1/500 दिसत होतं. आदल्या संध्याकाळी अंगणातल्या हळदीत पोरं नाचत होती, तेव्हा C2 वरच मी शटर वाढवलं होतं. मेन्यूत Auto update set. हे Enable होतं, त्यामुळे कॅमेऱ्याने तो बदल गुपचूप साठवून घेतला होता. चाक फिरवून परत 1/100 केलं, पट्टे गेले. पहिल्या मंगलाष्टकेचे फोटो मात्र तसेच राहिले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

अंतरपाटाच्या वेळी बटणाने वाचवलं. शटर बटणावरून फोकस मी काढून टाकलाय, तो फक्त मागच्या AF-ON वर आहे. नाहीतर दर "सावधान"ला उडणाऱ्या अक्षतांवर नाहीतर अंतरपाटाच्या कापडावर फोकस धावतो. अंगठ्याने नवरीच्या डोळ्यांवर फोकस केला आणि अंगठा उचलला. अंतरपाट खाली आला तेव्हा फोकस तिथेच होता. यात धोका एकच: नवरी पाऊलभर पुढे सरकली तर अंगठा पुन्हा दाबावा लागतो. अनोळखी माणसाच्या हाती असा कॅमेरा दिला तर सगळेच फोटो धूसर येतात, म्हणून पुतण्याला हे आधी शिकवलं.

जेवणावळी सुरू असताना डायल M वर नेला, हॉलचं सेटिंग लावलं आणि Register settings मध्ये जाऊन ते C2 वर पुन्हा साठवलं. मग Auto update set. ला Disable केलं. आता वाटेत काहीही बदललं तरी डायल फिरवून परत आलं की 1/100 च मिळतं. दुसरी बाजूही आहे: मुद्दाम केलेला बदल कॅमेरा बंद केला की पुसला जातो. संध्याकाळी पाठवणीला असंच झालं, पण तेव्हा मी आधी पडद्यावरचा शटरचा आकडा वाचला आणि मगच कॅमेरा डोळ्याला लावला.