जुन्या वहीवरून प्लॉटचे कोपरे शोधताना

झाडांच्या मोजणीचा जुना चौरस प्लॉट पुन्हा आखायचा होता. हाताशी A कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश होते आणि वहीतल्या चार ओळी: A ते B ३७°, ५० मीटर, पुढे १२७°, २१७°, ३०७°, प्रत्येकी ५० मीटर. निघण्यापूर्वी स्प्रेडशीटमध्ये कोपरे काढून घेतले, d म्हणजे अंतर आणि b म्हणजे बेअरिंग, रेषेच्या दिशेचे अंश:

```
dN = d*COS(RADIANS(b))
dE = d*SIN(RADIANS(b))
lat2 = lat1 + dN/110700
lon2 = lon1 + dE/(111320*COS(RADIANS(lat1)))
```

बेअरिंग उत्तरेपासून मोजतात, म्हणून उत्तरेला `COS` आणि पूर्वेला `SIN`. `RADIANS` विसरलात तर कोपरा भलत्याच दिशेला पडतो, ते नकाशावर लगेच दिसतं. ११०७०० हा आकडा २० अक्षांशाच्या आसपासचा आहे. एवढ्या छोट्या प्लॉटला तो पुरतो, किलोमीटरांच्या अंतराला ही रीत वापरू नका. A सोयीसाठी २०, ७५ धरला, तर B २०.०००३६०७, ७५.०००२८७७ येतो. दशांशाची सात स्थळं ठेवा. पाचव्या स्थळातला एक म्हणजे जवळजवळ एक मीटर.

चारही बाजूंच्या `dN` आणि `dE` यांची बेरीज शून्य आली. वही बरोबर आहे असं वाटायला एवढं पुरेसं होतं.

जागेवर A चा दगड सापडला. हातातल्या जीपीएसची चूक काही मीटरची असते, त्यामुळे पुढचं काम टेप आणि होकायंत्रावर केलं. होकायंत्रात आजचं चुंबकीय विचलन, म्हणजे सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक, लावलं होतं. हिशोबाच्या जागी B नव्हताच. दगड मिळाला तो रेषेच्या अडीच मीटर डावीकडे आणि मीटरभर अलीकडे.

अशा वेळी चूक आडवी किती नि रेषेवर किती, हे वेगवेगळं मोजा. आडवी चूक बेअरिंगची असते, रेषेवरची अंतराची. ५० मीटरवर अडीच मीटर म्हणजे साधारण ३°. वहीतले अंश चुंबकीय होते आणि तेव्हाचं विचलन पश्चिमेला तेवढंच होतं, असं धरलं की खरं बेअरिंग ३४° येतं. अंतराचं कारण पायाखालीच होतं: A पासून B पर्यंत १२° चा चढ. टेप उतारावरून धरली होती, म्हणून सपाट अंतर ५० × cos १२°, म्हणजे ४८.९ मीटर.

बेरीज शून्य येऊनही हे का निसटलं? सगळी बेअरिंग सारखीच फिरली तर आकृती अख्खी वळते, पण बंदच राहते. समोरासमोरच्या बाजू सारख्याच आखूड झाल्या तरी तेच. बेरजेत सापडते ती एखाद्याच ओळीतली चूक, जसं १२७ च्या जागी १७२ लिहिणं.

म्हणून दुसरा कोपरा हाती लागेपर्यंत बाकीचे शोधत फिरू नका. कर्णावरचा C नुसत्या ३° ने ३.७ मीटर सरकतो, गवतात तेवढ्यात दगड हुकतो. आम्ही B वरून १२४° धरलं, ही बाजू सपाटीवरची असल्याने पूर्ण ५० मीटर मोजले आणि C मिळाला. D चा दगड मात्र उखडला गेला होता. तिथे A आणि C दोन्हीकडून मोजून नवी खुंटी ठोकली. वहीत तारीख, त्या दिवशीचं विचलन आणि टेप आडवी धरली की उतारावरून, हे आता लिहिलेलं आहे.