डोहाळजेवणाचा माईक

“ताई, सोसायटीच्या कार्यक्रमात मी बोलते, लोकांना आवडतंही. पण पैसे घेऊन निवेदन करायचं तर स्क्रिप्ट कशी लिहायची? आवाज कापतो त्याचं काय करायचं? आणि पहिलं काम मिळतं तरी कुठून?”

सुरुवात लग्नापासून करू नका, डोहाळजेवणापासून करा. लग्नात निवेदकाच्या हातात फार थोडं असतं. मुहूर्त गुरुजींचा, अंतरपाट धरला की माईकही त्यांचाच आणि रिसेप्शनला स्टेजसमोरची रांग कुणाचंच ऐकत नाही. शिवाय चातुर्मासात लग्नं जवळजवळ थांबतात, ती तुळशीचं लग्न लागल्यावर पुन्हा सुरू होतात. डोहाळजेवणं बाराही महिने असतात. पन्नास-साठ माणसं, सोसायटीचं क्लबहाऊस नाहीतर छोटा हॉल, दुपारी चार ते संध्याकाळी सात. हे तीन तास कोण कधी काय करणार हे निवेदिकाच सांगते, त्यामुळे काम खऱ्या अर्थाने तिथेच शिकायला मिळतं.

ऐरोलीतल्या एका क्लबहाऊसमधला कार्यक्रम सांगते, म्हणजे स्क्रिप्ट कशी बनते ते कळेल. घरच्यांनी मला फोनवर क्रम सांगितला होता: फुलांची वाडी, औक्षण, ओटी, डोहाळ्याची गाणी, पेढा-बर्फी, खेळ, जेवण. हा क्रम सगळीकडे साधारण असाच असतो आणि नवखी निवेदिका त्यावरच लिहायला बसते. प्रत्येक टप्प्याला एक चारोळी, दोन सुंदर वाक्यं. कार्यक्रम मात्र चारोळ्यांअभावी अडत नाही, तो ओटीपाशी अडतो.

हिशेब करून बघा. साठ बायका, प्रत्येकीचं औक्षण, ओटी, मग फोटोग्राफर म्हणणार “इकडे बघा”. एकीला दीड मिनिट धरलं तरी दीड तास होतो. तेवढा वेळ सातव्या महिन्यातली मुलगी सजवलेल्या झोपाळ्यावर बसून राहणार, आणि त्या झोपाळ्याला बहुतेक वेळा पाठ टेकायला काही नसतं. तिचा चेहरा उतरतो आणि मागे बसलेल्या बायका आपापसात गप्पा मारायला लागतात. एकदा तो गलका सुरू झाला की माईकवर कितीही ओरडा, पुन्हा शांतता होत नाही.

म्हणून ऐरोलीच्या कार्यक्रमात मी आधीच ठरवून घेतलं. घरातल्या पाच जणी एकेक करून, नाव घेऊन येतील. बाकीच्या चौघी-चौघी मिळून येतील, ओटी प्रत्येकीची वेगळी, फोटो चौघींचा एक. अशाने ओटी पाऊण तासाच्या आत आटपते. मधेच दहा मिनिटांची सुट्टी ठेवली. मुलगी आत जाऊन पाणी पिऊन, पाय मोकळे करून येणार आणि तेवढ्या वेळात मी बायकांचा खेळ घेणार. स्क्रिप्टमध्ये मी सगळ्यात आधी लिहिते ती ही दहा मिनिटं. फोटोग्राफरलाही कार्यक्रमाआधी हे सांगून ठेवायचं, नाहीतर तो चौघींना पुन्हा एकेकटं उभं करतो.

फोनवर विचारायच्या गोष्टींमध्ये एक प्रश्न मी कधीच सोडत नाही: पहिली ओटी कोण भरणार? त्या घरात सासूबाईंचे यजमान गेलेले होते. मुलीने हळूच सांगितलं, “पहिली ओटी मला आईंच्याच हातून हवी आहे, पण त्या स्वतःहून पुढे येणार नाहीत.” आता मी सवयीने “सर्व सवाष्णींनी ओटीसाठी पुढे यावं” असं म्हटलं असतं तर त्या बाई खुर्चीतून उठल्याच नसत्या. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याची राज्यभर चर्चा झाली. आपल्या क्लबहाऊसमध्ये मात्र तो निर्णय निवेदिकेच्या एका वाक्यावर येऊन ठेपतो. मी कार्डावर लिहिलं होतं: “ज्या हातांनी या घराला मोठं केलं, त्या हातांनी आज पहिली ओटी भरली जाणार आहे. आई, या.” त्या आल्या. सून झोपाळ्यावरून उठून त्यांना सामोरी गेली. त्यानंतर मी मिनिटभर काहीच बोलले नाही आणि साउंडवाल्यालाही गाणं लावू नको म्हणून खूण केली.

काही घरांत उलटही असतं. घरच्यांना जुनीच रीत हवी असते. तिथे आपण वाद घालायचा नाही, पण “सवाष्णींनी या” ऐवजी “ज्यांना ओटी भरायची आहे त्यांनी या” एवढं म्हणता येतं, आणि त्याला आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

पेढा-बर्फीच्या वेळीही जीभ सांभाळायची. दोन झाकलेल्या वाट्या, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, हा खेळ म्हणून छान आहे. पण पेढा निघाल्यावर “वा, वा!” आणि बर्फी निघाल्यावर “असू दे, पहिली बेटी धनाची पेटी” असं म्हणू नका. त्या “असू दे”मधली समजूत सगळ्यांना ऐकू जाते. गर्भलिंग निदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आली, ती याच मनोवृत्तीमुळे. दोन्ही वाट्यांना एकच वाक्य आणि एकच आवाज ठेवायचा.

आता लिहायचं कशावर? मी पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं वापरते. एका कार्डावर एकच टप्पा, अक्षर मोठं, कोपऱ्यात क्रमांक. मोबाइलवरून वाचू नका. वाचताना फोन येतो, स्क्रीन विझते आणि फोटोत आपण मेसेज बघत उभ्या आहोत असं दिसतं. कार्डावर पूर्ण वाक्यं दोनच: टप्प्याचं पहिलं आणि पुढच्या टप्प्याकडे नेणारं शेवटचं. मधे फक्त नाव, नातं आणि त्या माणसाबद्दलची एक खरी गोष्ट, जशी “मावशी, तिच्या हातच्या पुरणपोळ्यांसाठी ही नाशिकला जायची”. ही गोष्ट घरच्यांकडूनच मिळते. दहा माणसांच्या दहा गोष्टी मिळाल्या की स्क्रिप्ट तयार झाली.

नाव शेवटी घ्यायचं, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. “सुमनमावशी आता येत आहेत, ज्या आईच्या मोठ्या बहीण आहेत आणि नाशिकहून आल्या आहेत” म्हटलं की टाळ्या कुठे वाजवायच्या ते कळत नाही. “आईची मोठी बहीण, आजच्यासाठी खास नाशिकहून आलेली, आपली सुमनमावशी!” इथे टाळी आपोआप नावावर पडते.

रिकामी जागा भरायला उखाणा उत्तम, पण कुणालाही अचानक उभं करू नका. तिघी-चौघींना आधीच विचारून ठेवायचं. ज्यांना सुचत नाही त्यांच्यासाठी मी त्या गावाचा एखादा करून नेते. ऐरोलीसाठी केला होता: “खाडीपलीकडे ठाणे, अलीकडे ऐरोली, अमुकरावांच्या लेकीची ओटी आज भरली.” गावाचं नाव आलं की लोक हसतातच.

आवाज कापण्याबद्दल. तो कापतो पहिल्या दोन वाक्यांत, म्हणून ती दोन वाक्यं पाठ असायला हवीत, इतकी की झोपेतून उठवलं तरी म्हणता आली पाहिजेत. पण मला नवख्या मुलींमध्ये खरा दोष दिसतो तो वेगळाच. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि घाबरलेल्या माणसाचा श्वास नेमका तिथेच संपतो. “जेवणाची व्यवस्था टेरेसवर केलेली…” पुढचं “आहे” की “नाही” हे मागच्या रांगेला कळतच नाही, मग अर्ध्या बायका जिन्याकडे निघतात. उपाय सोपा आहे. फोन रेकॉर्डिंगला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, कार्डं मोठ्याने वाचा आणि ऐकताना फक्त वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू येतो का ते तपासा. जिथे येत नाही, तिथे वाक्य लांब आहे. ते तोडून दोन करा. आठवडाभर रोज हे केलं की फरक स्वतःलाच कळतो.

क्लबहाऊसला बहुधा टाइल्स आणि काचा असतात, आवाज घुमतो. तिथे मोठ्याने नाही, सावकाश बोलायचं. माईक हनुवटीसमोर, ओठांपासून दोन-तीन बोटं, आणि मान वळेल तसा माईकही वळला पाहिजे. शिट्टी वाजली तर जाळीवर हात ठेवू नका, त्याने ती वाढते. स्पीकरच्या पुढ्यातून बाजूला व्हा. अर्धा तास आधी पोचून साउंडवाल्याचं नाव विचारा आणि कॉर्डलेस माईकचे जादा सेल आहेत का ते बघा.

पहिलं पैशाचं काम मला एका फुलांची वाडी करणाऱ्या ताईंकडून मिळालं. नौपाड्यात त्यांच्याकडे ऑर्डर द्यायला आलेल्या घराला निवेदिका हवी होती. अजूनही मी हेच सांगते: डोहाळजेवण ठरलं की घरचे आधी फुलंवाली, मेंदीवाली, केटरर आणि डेकोरेटर गाठतात. यांच्यापैकी दोघी-तिघींना भेटा आणि त्यांच्या फोनमध्ये तुमचा मिनिटभराचा व्हिडिओ ठेवा. सोसायटीच्या हळदीकुंकवाचा किंवा गणपतीतल्या कार्यक्रमाचा चालेल, फक्त त्यात दिसणाऱ्यांना विचारून घ्या. व्हिडिओत आवाज स्वच्छ हवा आणि एखाद्या आजींना बोलतं करताना तुम्ही दिसायला हव्यात. नुसत्या चारोळ्या नकोत.

पैसे पहिल्या कामापासून घ्या, ओळखीतलं असलं तरी. माझ्या मते नवख्या निवेदिकेने डोहाळजेवणाला दोन-अडीच हजारांच्या खाली जाऊ नये, कारण काम तीन तासांचं दिसलं तरी दोन फोन, दोन संध्याकाळी लिहिण्यात आणि येण्याजाण्याचा वेळ त्यात असतो. रक्कम तोंडी ठरली तरी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा: तारीख, जागा, किती ते किती, काय काय करणार, सातनंतर थांबावं लागलं तर तासाला किती. निम्मे पैसे तारीख धरताना आणि उरलेले कार्यक्रम सुरू होण्याआधी. शेवटी मागायला गेलात तर यजमान पंगत वाढण्यात असतात, मुलीचे वडील हॉलवाल्याशी हिशेब करत असतात आणि तुम्हाला ऐरोली स्टेशनवरून ठाण्याची लोकल पकडायची असते.