दुपारच्या सत्राला ४.५ कोणी दिले?

परवाच्या दादरच्या कार्यशाळेचे अभिप्राय आज हजेरीशी जुळवले. फॉर्मच्या सरासरीत जेवणानंतरचं हिशेबाचं सत्र अव्वल होतं, ४.५. सकाळचं ४.३. सगळे खूश.

जुळवायला मोबाइल नंबर घेतला, कारण नावं कोण कशी लिहील नेम नाही. नंबरातही कुठे +91, कुठे मध्ये जागा. म्हणून दोन्ही याद्यांत हे लावलं आणि शेवटचे दहा अंक घेतले:

```
=RIGHT(SUBSTITUTE(B2," ",""),10)
```

मग COUNTIF ने पाहिलं, हा नंबर त्या सत्राच्या सहीपत्रकात आहे का.

दुपारी सह्या २२, आणि गुण देणारे ३१! त्यातले १३ जण सहीपत्रकात नव्हतेच. विरार-कर्जतची मंडळी जेवून गाडी पकडायला निघालेली. पण फॉर्ममध्ये प्रत्येक प्रश्न सक्तीचा, तेव्हा सगळ्यांनी सरळ ५ दाबून टाकले. (मीही तेच केलं असतं.) ते वगळल्यावर उरलेल्या १८ जणांची सरासरी ४.१. सकाळी असे पाहुणे नव्हते, तिथे ४.३ कायम.

तरी ०.२ च्या फरकावर सकाळचं सत्र जिंकलं म्हणणार नाही. अठरांत दोघांनी ३ ऐवजी ५ दिले असते तरी एवढा फरक भरून निघतो. शिवाय कंटाळून उठून गेलेल्यांचं मत यात नाहीच. मला जास्त बोलका वाटतो तो सह्यांचा आकडा: सकाळी ३८, दुपारी २२.

पुढच्या फॉर्ममध्ये 'या सत्राला नव्हतो' हा पर्याय टाकतेय, आणि हिशेब सकाळी.