लोह-हवा सेल, खेप 7: बुडबुड्यांचा हिशेब लागला

मंडळी, लोखंड आणि हवेतला ऑक्सिजन वापरून परत चार्ज होणारी बॅटरी घरीच बनवतोय, आणि मागच्या खेपेला रडगाणं गाऊन थांबलो होतो. 10 ग्रॅमच्या लोखंडी प्लेटमध्ये 2 अँपिअर-तास भरले आणि परत आले जेमतेम 0.55. उरलेले कुठं गेले?

मला एअर कॅथोडचा, म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेणाऱ्या प्लेटचा संशय होता, पण चार्जिंग तर निकेल जाळीवरून होतं. कॅथोडमधला कार्बन झिजू नये म्हणून तिसरा इलेक्ट्रोड घातलाय ना आपण. मग लोखंडावर उलटा फनेल धरून वर 20 मिलीची सिरिंज पाण्याने भरून उलटी बसवली. निकेलवरचा ऑक्सिजन बाजूला, लोखंडावरचा हायड्रोजन सिरिंजमध्ये.

हिशेब सोपा आहे. 200 मिलिअँपिअर दहा मिनिटं दिले आणि सगळा करंट वाया गेला, तर कोल्हापूरच्या हवेच्या दाबाला साधारण 16 मिली हायड्रोजन जमायला पाहिजे. जमला साडेअकरा, म्हणजे 72 टक्के करंट बुडबुड्यात. डिस्चार्जमध्ये परत आलेला आकडा 28 टक्क्यांच्या आसपास, तोही जुळला. चोर सापडला, त्या रात्री झोप बरी लागली.

हे होणारच होतं. कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात लोखंडाचं हायड्रॉक्साइड परत लोखंड व्हायला जे व्होल्टेज लागतं, त्याच्या किंचित अलीकडेच पाणी फुटायला लागतं. दोघांत जेमतेम 0.05 व्होल्टचं अंतर. त्यामुळं लोखंडाचा पृष्ठभाग हायड्रोजनला जितका अवघड वाटेल तितकं बरं.

उद्यमनगरातला फुकटचा बुरादा मी मागच्याच महिन्यात सोडला. टर्निंगवाले मामा म्हणाले, "अरे, पोतंभर ने की!" पण त्याचे तुकडे अर्ध्या मिलीमीटरचे. वरचा थर हायड्रॉक्साइड झाला की आतलं लोखंड झाकलं जातं आणि वीज वाहत नाही. त्यात कूलंटचं तेल आणि बिडाचा ग्रॅफाइट. सध्या कार्बोनिल लोखंडाची काही मायक्रॉनची पावडर वापरतोय. पुरवठादाराने पाकीट उघडं पाठवलं होतं, अर्धी पावडर तांबूस निघाली, तो वेगळा राग.

इलाज जुनाच: बिस्मथ सल्फाइड. 2012 मध्ये अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने कार्बोनिल लोखंडात हे मिसळून चार्जिंगची कार्यक्षमता 96 टक्क्यांपर्यंत नेली होती. चार्ज होताना त्यातलं बिस्मथ धातू बनतं, आणि त्यावर हायड्रोजन सहज सुटत नाही. सल्फाइड लोखंडाशी बसून वीजवाहक थर करतं, त्यामुळं डिस्चार्जही अडखळत नाही. पावडरच्या 5 टक्के मिसळलं.

पहिल्या दिवशी सिरिंजमध्ये परत 11 मिली! डोक्याला हात लावला. तिसऱ्या सायकलपर्यंत फरक शून्य. प्लेट फेकणारच होतो, मग आठवलं की लोखंडी प्लेटला रुळायला सायकली लागतात. आठव्या सायकलला दहा मिनिटांत फक्त 3 मिली! म्हणजे वाया 19 टक्के. नाद खुळा. डिस्चार्जला 1.5 अँपिअर-तास परत आले, म्हणजे 75 टक्के. शेवटच्या दोन तासांत मात्र गॅस दहा मिनिटाला 8 मिलीवर जातो, एकूण तोट्यातला चाळीस टक्के तिथंच साठतोय.

आता खरं दुखणं. चार्जिंगला 1.65 व्होल्ट लागतात, डिस्चार्जला मिळतात 0.75. म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात परत येतं 34 टक्के. हवेच्या बाजूचा हा खड्डा बिस्मथने भरत नाही. लिथियमवाले हसतील. पण चार दिवस ढग राहिले तर लिथियमची चार दिवसांची बँक बांधायचा खर्च बघा. वर्षातून थोड्या वेळा लागणाऱ्या साठ्यात वाया गेलेल्या विजेपेक्षा पडून राहिलेल्या धातूची किंमत जड जाते, आणि लोखंड तिथंच स्वस्त पडतं. फॉर्म एनर्जी ही अमेरिकन लोह-हवा बॅटरी कंपनी 100 तासांचं गणित मांडते ते ह्याच जोरावर. जस्त द्रावणात विरघळून परत भलतीकडेच बसतं, सुया येतात. ॲल्युमिनियम तर पाण्यातल्या द्रावणात परत चार्जच होत नाही. लोखंडाचं हायड्रॉक्साइड जवळपास विरघळत नाही, जागचं हलत नाही.

पुढची खेप नव्या एअर कॅथोडची होती, पण लिहिता लिहिता बेत बदलला. शेवटचे दोन तास भरायचेच कशाला? 1.6 अँपिअर-तासाला थांबतो आणि वीस सायकली तसंच चालवतो. सिरिंज रोज बघायची नसेल तर प्लेटचं व्होल्टेज अचानक वाढतं का, ते टिपायचं. द्रावणाची पातळी मात्र राखा. बुडबुड्यात पाणीच जातंय. खिडकी उघडी ठेवा, आणि सल्फाइडच्या जवळ ॲसिडचा थेंबही नको, विषारी वायू निघतो.

मामांना 75 टक्के सांगितले. ते म्हणाले, "मग तो बुरादा न्यायचा न्हाई व्हय?"